अंड्याचा फोटो पाहून ‘चालेल’ म्हणू नका

ज्यांच्या घरी अंडी खाल्ली जातात त्या सगळ्यांना, आणि विशेषतः ज्यांना कुणी ना कुणी अंड्याचा फोटो पाठवून ‘चालेल ना?’ असं विचारतं त्यांना, माझं हे कळकळीचं सांगणं आहे. फोटो पाहून एखादं अंडं टाकून द्यायला जरूर सांगा. पण फोटो पाहून ते कच्चं किंवा अर्धकच्चं खाता येईल असं कृपा करून कुणालाही सांगू नका. मी एकदा जवळपास तसंच सांगून बसले आहे.

मी सत्तावीस वर्षं कॉलेजात अन्नातल्या सूक्ष्मजीवांचा विषय शिकवला. त्यामुळे नात्यागोत्यातले आणि शेजारपाजारचे लोक दुधापासून लोणच्यापर्यंत कशाचेही फोटो मला पाठवतात. गेल्या वर्षी मे महिन्यात नात्यातल्या एका सुनेने असाच फोटो पाठवला. काचेच्या वाडग्यात फोडलेली अंडी होती. बलक घुमटासारखे वर उचललेले आणि भोवतीचं पांढरं घट्ट, किंचित दुधट. तिने विचारलं, “काकू, ताजी आहेत ना?” मी लिहिलं, “छान ताजी आहेत.” ते खरंच होतं. मुलीचा दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून ती चॉकलेट मूस करणार होती, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मूसमध्ये अंड्याचं पांढरं कच्चंच फेसून घालतात. रात्री चौदा माणसं जेवायला होती, त्यांतल्या नऊ जणांनी मूस खाल्लं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांतल्या आठ जणांना ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले. चार वर्षांचा एक मुलगा आणि त्याची आजी या दोघांना सलाईन लावावी लागली. ज्या पाच जणांनी मूस खाल्लं नव्हतं त्यांना काही झालं नाही. मूस उरलं नव्हतं, त्यामुळे तपासणी झाली नाही आणि नेमकं कुठलं अंडं कारण ठरलं हे कधीच कळणार नाही. पण आठ आजारी माणसांना जोडणारा पदार्थ एकच होता. माझं ते उत्तर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

तिने विचारलं ताजेपणाबद्दल आणि माझं उत्तर वाचलं सुरक्षितपणाबद्दल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि फोटोत त्यांतली एकच दिसते, तीही अर्धवट.

ताजेपणा म्हणजे अंड्याचं वय. घातलेल्या अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून रोज थोडं पाणी बाष्प होऊन जातं आणि आत विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं किंचित ढगाळ दिसतं ते या वायूमुळे. तो जसा कमी होतो तसं पांढरं जास्त अल्कधर्मी होत जातं, बलकाला धरून ठेवणारा त्याचा घट्ट भाग सैल पडतो आणि पाण्यासारखा पसरतो. बलकाभोवतीचं पातळ आवरणही ताण सोडतं, म्हणून जुन्या अंड्याचा बलक ताटलीत चपटा बसतो आणि हात लागताच फुटतो. पाणी गेलं की तेवढी हवा आत शिरते, म्हणून बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. पाण्यात टाकलेलं जुनं अंडं तरंगतं ते या पोकळीमुळे. हे सगळं वयामुळे घडतं आणि उन्हाळ्यात फार वेगाने घडतं. चाळीस अंशांच्या दुपारी दुकानाबाहेर रचलेल्या ट्रेमधलं अंडं काही दिवसांत जेवढं म्हातारं होतं, तेवढं व्हायला फ्रीजमध्ये कित्येक आठवडे लागतात.

सुरक्षितपणाची गोष्ट निराळी आहे. साल्मोनेला नावाचा जिवाणू कवचावरच्या विष्ठेतून चिरेवाटे आत जाऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याचा एक प्रकार, साल्मोनेला एन्टेरिटिडिस, थेट कोंबडीच्या अंडाशयातच राहतो आणि अंडं तयार होत असताना, कवच चढण्याआधीच, आत बसतो. अशी कोंबडी आजारी दिसत नाही. तिचं अंडं स्वच्छ, अखंड, घट्ट पांढऱ्याचं आणि उंच बलकाचं असतं. त्याला वास नसतो, रंग बदललेला नसतो, चव बिघडलेली नसते. दोन अंडी शेजारी फोडून ठेवली आणि त्यांतल्या एकात हा जिवाणू असला, तर मीही ते डोळ्यांनी ओळखू शकणार नाही, मग फोटोवरून कसं ओळखणार? अशी अंडी फार नसतात. अमेरिकेत एके काळी वीस हजारांत एक असा अंदाज केला गेला होता. आपल्याकडे तेच प्रमाण आहे असं मी म्हणत नाही. पण मूससाठी किंवा मेयोनीजसाठी दहा-बारा अंडी एकाच भांड्यात फेटली की त्यांतलं एक अंडं सगळ्या भांड्याचं होतं, आणि ते भांडं तासभर ओट्यावर राहिलं की जिवाणू वाढायला लागतात.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने 2023 मध्ये आणि तेलंगणाने 2024 मध्ये बंदी घातली, ती लोक आजारी पडल्याच्या घटनांनंतरच. तेव्हा हे दूरच्या देशाचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे तालमीत आणि आता जिममध्येही पोरं कच्ची अंडी दुधात घालून पितात, घरगुती केक-पेस्ट्रीचे व्यवसाय गल्लोगल्ली सुरू आहेत, आणि सँडविचच्या गाड्यांवरचं मेयोनीज कुठून येतं हे कुणी विचारत नाही.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते, कारण तिच्यात या फोटोंचे जवळजवळ सगळे प्रकार आले होते. रात्री साडेदहाला भाचीने तीन फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा वाढदिवस, वीस मुलं येणार, सँडविचसाठी घरीच मेयोनीज करायचं. तीस अंड्यांचा ट्रे आणलेला. सोसायटीच्या ग्रुपवर तिने हेच फोटो आधीच टाकले होते आणि उत्तरांचा पाऊस पडला होता.

पहिल्या फोटोत एका अंड्यावर केसाएवढी चीर होती. ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं होतं की असं अंडं आधी वापरून टाकायचं, मेयोनीजमध्येच घाल. सल्ला अगदी उलटा होता. चीर म्हणजे उघडलेलं दार. कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात, ते शाबूत असले तर अंडं गळत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं नाही. पण दुकानापासून घरापर्यंत ते किती वेळ तसंच होतं, ट्रेमधल्या विष्ठेशी आणि फुटक्या अंड्याच्या चिकट रसाशी त्याचा किती संबंध आला, हे चिरेच्या फोटोत येत नाही. म्हणून दुकानातून चीर गेलेलं अंडं आणूच नये. स्वस्त मिळतं म्हणून तर मुळीच नको. ते घरी येऊन सापडलं तर टाकावं. घरी तुमच्याच हातून, तुमच्यासमोर तडकलं असेल, तर लगेच स्वच्छ वाटीत फोडून झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांच्या आत पूर्ण शिजवून वापरा. उकळताना तडकलं तर काळजी नाही, ते त्याच पाण्यात शिजतं आहे.

चिरेबाबत अजून एक सांगायला हवं. वरून टॉर्च मारून काढलेल्या फोटोत ती लपते, कारण पांढऱ्या कवचावर प्रकाश सांडतो. भाचीला मी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला खालून टेकवायला सांगितलं. कवच आतून उजळलं आणि चीर उजेडाच्या रेघेसारखी स्पष्ट दिसली. तसंच तिने बाकीची अंडी पाहिली, तेव्हा तीसपैकी आणखी तीन चिरलेली निघाली. पहिल्या फोटोत त्यांतली एकही दिसत नव्हती. याच उजेडात हवेची पोकळीही दिसते. ताज्या अंड्यात ती चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसते. कवचावर काही ठिकाणी फिकट, ओलसर ठिपके दिसतात त्यांनी घाबरू नका, तो कवचात मुरलेला ओलावा असतो. मात्र बोटाने पुसल्यावर निघणारी भुकटी किंवा काळे-हिरवे डाग ही बुरशीची खूण आहे, असं अंडं टाका.

दुसऱ्या फोटोत ताटलीत फोडलेलं अंडं होतं आणि बलकाला चिकटून लाल ठिपका. ग्रुपवर याच ठिपक्याने सगळ्यात जास्त खळबळ उडवली होती. कुणी लिहिलं पिल्लू धरलंय, कुणी लिहिलं कोंबडीला रोग आहे. खरं म्हणजे अंडं तयार होताना कोंबडीच्या शरीरातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिचा थेंब बलकावर राहतो. पोल्ट्रीच्या कोंबड्यांसोबत कोंबडा नसतोच, तेव्हा पिल्लाचा प्रश्न येत नाही. नको वाटत असेल तर चमच्याच्या टोकाने तो काढावा आणि अंडं शिजवून खावं. बलकाला बांधून ठेवणारे पांढरे पीळदार धागेही लोक काढून फेकतात. ते ठसठशीत दिसत असले तर उलट अंडं ताजं असण्याची शक्यता जास्त. ग्रुपवरच्या बहुतेकांचं लक्ष या निरुपद्रवी ठिपक्यावर होतं आणि चिरेतला धोका कुणाच्याच लक्षात आला नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

बलकाचा रंगही असाच फसवतो. गर्द केशरी बलक पाहून ‘गावरान आहे, पौष्टिक आहे’ म्हणतात. तो रंग कोंबडीच्या खाद्यातून येतो. मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क, जे पोटात गेलं ते बलकात उतरतं. रंगावरून ताजेपणा कळत नाही, सुरक्षितपणा तर नाहीच. आणि फोटोतला रंग मुळात अंड्याचा असेलच असं नाही. पिवळ्या बल्बखाली पांढरंही पिवळं दिसतं, ट्यूबलाइटखाली ते निळसर होतं, आणि रात्रीच्या मोडमध्ये कॅमेरा स्वतःच रंग भडक करतो आणि बारीक पोत पुसून टाकतो. कुणाला फोटो पाठवायचाच असेल तर दिवसा खिडकीजवळ, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. कागद पिवळा आला तर बघणाऱ्याला कळतं की रंगावर विसंबायचं नाही.

तिसरा फोटो वरून काढलेला होता आणि भाचीने विचारलं होतं, पांढरं पसरलंय का? वरून ते सांगता येत नाही. पांढऱ्याची प्रत मोजण्याची जी पद्धत जगभर वापरतात, ती रेमंड हॉ यांनी 1937 मध्ये मांडली. तिच्यात घट्ट पांढऱ्याची उंची मायक्रोमीटरने मोजतात आणि अंड्याच्या वजनाशी तिचा मेळ घालतात. उंची वरून दिसत नाही. म्हणून ताटली ओट्यावर ठेवून मोबाइल ताटलीच्या पातळीला खाली आणायचा आणि बाजूने फोटो घ्यायचा. भाचीने तसा काढला तेव्हा बलक चपटा आणि पांढऱ्याची पातळ कडा ताटलीभर पसरलेली दिसली. अंडं जुनं होतं, बहुधा दोन-तीन आठवडे उन्हात काढलेलं. नुसत्या वयावरून ते विषारी ठरत नाही. पूर्ण शिजवलं तर खाता येतं. मात्र उष्णतेत जुन्या झालेल्या अंड्यात बलकाचं आवरण दुबळं होतं, आतलं लोह आणि पोषक द्रव्यं पांढऱ्यात झिरपतात आणि जिवाणू आत असलाच तर त्याला आयतं खाद्य मिळतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात जिवाणूंना अडवणारी द्रव्यं असतात, ती एवढ्या खाद्यापुढे पुरत नाहीत. म्हणून ताजं घ्या असं मी म्हणतेच. ताजं आहे म्हणून कच्चं घ्या असं म्हणत नाही.

फोटोवरून ठामपणे टाकून द्या असं म्हणावं अशा खुणा मोजक्याच आहेत. पांढरं गुलाबी दिसलं, किंवा त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग चमकले, तर ती स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंची करामत असते, अंडं टाका. आत काळे किंवा हिरवे डाग असतील, बलक आणि पांढरं मिसळून गढूळ लगदा झाला असेल, कवच गळत असेल किंवा चिकट असेल, तरी टाका. फिकट पिवळट-हिरवट झाक सगळ्या पांढऱ्यात सारखी असेल तर ती ब-2 जीवनसत्त्वाची असू शकते आणि ती चांगल्या अंड्यातही असते. पण फोटोत ही झाक आणि सडल्याचा हिरवेपणा यांतला फरक करण्याचं धाडस करू नका, अंडं हातात असलेल्या माणसाने वास घ्यावा आणि शंका उरली तर फेकावं. उकडलेल्या बलकाभोवतीची हिरवट-करडी कडा मात्र घाबरण्यासारखी नाही. जास्त वेळ उकळल्याने बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ती बनते. ‘प्लास्टिकचं अंडं’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये कागदासारखा जो पापुद्रा दाखवतात, तो कवचाच्या आतला नैसर्गिक पापुद्रा असतो. प्लास्टिकची अंडी हा गैरसमज आहे असं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेही स्पष्ट केलेलं आहे.

आता माझी मागणी. यापुढे कुणी अंड्याचा फोटो पाठवून ‘चालेल ना?’ विचारलं, तर आधी उलट चार गोष्टी विचारा. कधी आणलं, कुठे ठेवलं होतं, कसं शिजवणार आहात, आणि कोण खाणार आहे. सुट्या ट्रेवर तारीख नसते, म्हणून आणल्या दिवशी पेन्सिलने अंड्यावर तारीख टाकायची सवय लावा. आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, दारात नको, कारण दार उघडताना तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. फ्रीजमधून काढून तासन्‌तास ओट्यावर ठेवून पुन्हा आत टाकू नका. थंड अंड्याला घाम सुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर कवचावरचे जिवाणू छिद्रांतून आत जाऊ शकतात. ठेवण्यापूर्वी धुऊही नका, तेही याच कारणासाठी. घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा आणि फार माखलेलं अंडं घेऊच नका. कच्चं अंडं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मग कोशिंबिरीला हात लावा.

शिजवताना बलक आणि पांढरं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. आतलं तापमान 71 अंश सेल्सियसला पोचलं की साल्मोनेला मरतो. घरी थर्मामीटर नसेल तर बलक वाहता राहिलेला नाही हे पाहा. भुर्जीत ओलसर चकाकी उरू देऊ नका. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले रुग्ण यांना हाफ फ्राय देऊ नका, मग अंडं कितीही ताजं असो. ज्या बहिणी घरून मूस, टिरामिसू किंवा मेयोनीज विकतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कच्चं अंडं लागणारे पदार्थ पाश्चराइज केलेलं अंडं मिळालं तरच करा, नाहीतर बिनअंड्याच्या कृतीने करा. शिजवलेला अंड्याचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तर तासभरच.

भाचीने चारही चिरलेली अंडी टाकली, जुनी अंडी कडक उकडून दुसऱ्या दिवशी घरच्यांसाठी रस्सा केला, आणि सँडविचला चक्का, मोहरीची पूड, मीठ आणि लिंबू फेटून लावलं. वीस मुलांनी खाल्लं.

आणि एवढं करूनही घरात कुणी अंड्याचं काही खाल्ल्यावर सहा तास ते तीन दिवसांत ताप, मुरडा, जुलाब सुरू झाले, तर ओआरएस सुरू करा आणि जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, ताप चढत गेला किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे जा. काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. एकाच ठिकाणचं खाऊन अनेक जण आजारी पडले असतील तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा. उरलेला पदार्थ फेकू नका. झाकणाच्या डब्यात घालून, त्यावर तारीख आणि ‘खाऊ नये’ असं ठळक लिहून, फ्रीजमध्ये बाजूला ठेवा. निकालाच्या रात्रीच्या त्या मूसचा एक चमचा उरला असता तर आज मला कारण नक्की सांगता आलं असतं.